परमिटचा भाव कुणाच्या खिशात जातो?

शहरातल्या रिक्षांचा आकडा सरकारने गोठवला की परमिट नावाच्या कागदाला भाव येतो. महाराष्ट्रात हे १९९७ साली घडलं. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत रिक्षांची नवी परमिटं देणं थांबलं आणि ही बंदी उठली थेट जून २०१७ मध्ये. मधल्या काळात रद्द झालेली परमिटं सोडतीने वाटली गेली, पण एकूण संख्या फारशी हलली नाही. त्याच वीस वर्षांत शहरांच्या कडेला नवी उपनगरं उभी राहिली, रिक्षा लागणारी माणसं वाढली आणि बॅज काढून परमिटची वाट बघणारे चालकही वाढले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय परमिट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्यामुळे परमिट विकलं असं कुणी कागदावर लिहीत नाही. विकली जाते ती रिक्षा, परमिटसकट. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९७ पासून अशीच मर्यादा होती. तिथे जुनी रिक्षा मोडीत काढल्याशिवाय नवी रस्त्यावर आणता येत नसे. साहजिकच भंगारात जाण्याच्या बेतातल्या गाडीलाही मोठी किंमत मिळे, कारण घेणाऱ्याला हवा असे तो तिच्यामागचा परवाना. परमिटला भाव आलाय का हे ओळखायचं असेल, तर परमिटसकट विकायला काढलेल्या जुन्या रिक्षेची किंमत आणि नुसत्या गाडीची किंमत शेजारी ठेवून बघावी. मधला फरक म्हणजे टंचाईची किंमत.

हा फरक किती असावा, हे साध्या हिशेबाने काढता येतं. पुढचे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. मालक स्वतः रिक्षा चालवत नाही, शिफ्टवर देतो. चालक त्याला रोज ४०० रुपये देतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०,००० रुपये झाले. गाडीचा हप्ता, विमा, दुरुस्ती आणि झीज यांचे ६,५०० वजा केले की ३,५०० उरतात, म्हणजे वर्षाला ४२,०००. हे पैसे ना कुणाच्या श्रमाचे आहेत, ना गाडीच्या किमतीचे. दुसऱ्या कुणाला रिक्षा आणता येत नाही, एवढ्याच कारणाने ते मिळतात.

असं उत्पन्न देणाऱ्या कागदाला माणूस किती मोजेल? मर्यादा कायमची राहणार अशी खात्री असती आणि ८ टक्के परतावा त्याला पुरेसा वाटला असता, तर सव्वापाच लाख. पण सरकार उद्या परमिटं खुली करील अशी धास्ती असते, म्हणून तो २० टक्के मागतो आणि भाव २ लाख १० हजारांवर येतो.

आता हेच परमिट एका चालकाने २० टक्के व्याजाने कर्ज काढून घेतलं असं धरू. व्याजच वर्षाला ४२,००० होतं. परमिटमुळे वाचणारी सगळी रक्कम फायनान्सवाल्याकडे गेली आणि मुद्दल तसंच डोक्यावर राहिलं. तो मालक झाला, पण हातात पडते ती शिफ्टवाल्याइतकीच मजुरी. मर्यादेचा खरा लाभ झाला तो बंदीच्या दिवशी ज्याच्या हातात परमिट होतं त्याला, आणि तोही त्याने ते विकलं तेव्हा एकदाच. रिक्षावाल्यांच्या पोटासाठी मर्यादा हवी, हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. रोज गाडी हाकणाऱ्या आणि परमिट नसलेल्या चालकाला त्यातून काहीच मिळत नाही. उलट तो रोज त्याची किंमत चुकवतो.

प्रवाशाचं नुकसान मीटरवर दिसत नाही, कारण भाडं सरकार ठरवतं. गाड्या कमी आणि दर बांधलेला असला की टंचाई दुसऱ्या वाटेने बाहेर येते. जवळचं भाडं नाकारलं जातं, रात्री मीटर न टाकता रक्कम सांगितली जाते, आडबाजूच्या वस्तीत रिक्षा जातच नाही.

मग मर्यादा उठवणं इतकं अवघड का जातं? अर्थतज्ज्ञ गॉर्डन टुलॉक यांनी १९७५ मध्ये याचं कारण मांडलं होतं. पहिले लाभार्थी पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेले असतात. मागे राहतात ते पूर्ण किंमत मोजून आत आलेले. मर्यादा टिकली तर त्यांना वरकड काही मिळत नाही, उठली तर मात्र त्यांची पुंजी बुडते. २०१७ नंतर शहरांत रिक्षा झपाट्याने वाढल्या, मोबाइलवरून बोलावता येणाऱ्या टॅक्सी तर त्याआधीच आल्या होत्या, आणि परमिटवाटप पुन्हा थांबवा अशी मागणी संघटना करू लागल्या. आदल्या वर्षी कर्ज काढून परमिट घेतलेल्या माणसाचा संताप खोटा नव्हता. त्याला सावरायला वेळ मिळायला हवा होता. मर्यादा उठण्याचं वर्ष आधी जाहीर झालं असतं, तर परमिटचा भाव हळूहळू उतरला असता आणि शेवटच्या खरेदीदाराने एवढी रक्कम मोजलीच नसती.

रस्ते अपुरे आहेत म्हणून एखाद्या शहराला खरोखरच आकडा बांधायचा असेल, तर परमिट ठरावीक मुदतीचं असावं, चालवणाऱ्याच्याच नावावर असावं आणि त्याने धंदा सोडला की ते प्राधिकरणाकडे परत जावं. टंचाईचं मोल वार्षिक शुल्क म्हणून पालिकेने घ्यावं आणि त्यातून रिक्षाथांबे बांधावेत. मग विकायला काही उरत नाही आणि फायनान्सवाल्याला तारण ठेवून घ्यायलाही काही सापडत नाही.