दलालीला परवाना कधी लागतो?

नाशिकमध्ये नव्याने दलाली करणाऱ्याने जुन्या इमारतीतला फ्लॅट भाड्याने लावून दिला, तर रेरा नोंदणी लागत नाही. पण त्याच गिऱ्हाइकाला त्याने नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट दाखवला आणि बुकिंग करून दिलं, तर कलम 9 लागू होतं. कसं ओळखायचं? जाहिरातीत प्रकल्पाचा महारेरा क्रमांक शोधा. तो संकेतस्थळावर सापडला, की विक्रीसाठी नोंदणी हवीच. मग नुसता अर्ज पुरत नाही. 2023 पासून महाराष्ट्रात आधी प्रशिक्षण, मग परीक्षा आणि त्यानंतर नोंदणी, असा क्रम आहे. नोंदणीविना व्यवहार केल्यास दिवसाला 10 हजार रुपये दंड होतो आणि तो सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. एवढी जोखीम एका कमिशनसाठी मुळीच घेऊ नये.