‘साइन’मधला मुका ‘जी’

मराठी माध्यमातून आठवी-नववीत आलेली मुले इंग्रजी शब्द कानाने लिहितात. ‘डिझाइन’ ऐकले की ‘एस’च्या जागी ‘झेड’ येतो आणि शेवटचा ‘जी’ गळतो. यात मुलांचा आळस नाही. देवनागरीत बहुतेक वेळा जसे ऐकू येते तसेच लिहायचे असते, आणि तीच सवय ती इकडे आणतात. इंग्रजी स्पेलिंग मात्र अनेकदा उच्चारापेक्षा शब्दाचे कूळ जपते. हे एकदा समजले की पाठांतराचे ओझे बरेच उतरते. त्यासाठी उपसर्ग आणि प्रत्ययांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एकच शब्दकुटुंब नीट उलगडून दाखवावे.

‘साइन’ हा शब्द घेऊ. फळ्याच्या मधोमध एस-आय-जी-एन ही चार अक्षरे लिहायची. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खूण. आता मुलांना नातेवाईक शोधायला सांगायचे. सिग्नल, सिग्नेचर, डिझाइन, असाइनमेंट हे शब्द त्यांच्या रोजच्या ऐकण्यातले असतात. सिग्नल म्हणजे खुणेचा इशारा, सिग्नेचर म्हणजे आपली खूण असलेली सही, डिझाइन म्हणजे खुणा करून आखलेला आराखडा. प्रत्येक शब्दाखाली तीच चार अक्षरे अधोरेखित करायची आणि शब्द मोठ्याने म्हणायचे. ‘साइन’मध्ये न ऐकू आलेला ‘जी’ ‘सिग्नल’मध्ये स्वच्छ ऐकू येतो. ‘रिझाइन’मध्ये तो गप्प असतो, पण ‘रेझिग्नेशन’मध्ये पुन्हा बोलतो. मात्र ‘इंग’, ‘अर’, ‘मेंट’ हे प्रत्यय लागले की तो मुकाच राहतो, म्हणून ‘डिझायनर’ आणि ‘असाइनमेंट’मध्ये त्याचा आवाज नाही. लिहिताना तो सगळीकडे हवाच. ‘मसल’मधला न उच्चारला जाणारा ‘सी’ ‘मस्क्युलर’मध्ये आणि ‘ऑटम’च्या शेवटचा मुका ‘एन’ ‘ऑटम्नल’मध्ये असाच सापडतो.

‘असाइन’मध्ये दोन ‘एस’ का, हा प्रश्न एखादे चौकस मूल विचारतेच. त्याचे उत्तर मराठी व्याकरणाच्या तासाला आधीच दिलेले असते. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख; तिथे ‘त्’ पुढच्या ‘ल’सारखा झाला. लॅटिनमधल्या ‘अॅड’ उपसर्गाचा ‘डी’ही पुढच्या ‘एस’सारखा झाला आणि ‘एस’ची जोडी जमली. नकाराचा ‘इन’ उपसर्ग असाच वागतो. ‘लीगल’आधी तो ‘इल’ होतो, ‘रेग्युलर’आधी ‘इर’, ‘मॅच्युअर’आधी ‘इम’. म्हणून ‘इलीगल’मध्ये दोन ‘एल’, ‘इरेग्युलर’मध्ये दोन ‘आर’ आणि ‘इमॅच्युअर’मध्ये दोन ‘एम’. संधी शिकलेल्या मुलाला हे परके वाटत नाही, फक्त कुणीतरी दोन तासांमधला हा धागा जोडून द्यायला हवा.

बेरीज मांडण्याची सवय इथेच कामी येते. ‘डिसअपिअर’ लिहिताना हमखास दोन ‘एस’ पडतात. वहीत डी-आय-एस, मग अधिकचे चिन्ह, मग ‘अपिअर’ असे लिहायला लावले की दिसते: ‘एस’ एकट्या उपसर्गाचा आहे, दोन ‘पी’ मूळ शब्दाचे आहेत. ‘मिसस्पेल’मध्ये मात्र एक ‘एस’ ‘मिस’चा आणि दुसरा ‘स्पेल’चा, म्हणून दोन्ही हवेत. नुसते तांबडी रेघ मारून शुद्ध रूप लिहून दिले, तर पुढच्या निबंधात तीच चूक परत येते, कारण चूक नेमकी कुठे झाली हे मुलाला कळलेलेच नसते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मुलांना जोश चढला की ती ‘अंकल’मध्ये नकाराचा ‘अन’ शोधतात आणि ‘मिशन’मध्ये ‘मिस’. त्यासाठी एक कसोटी द्यावी: सुरुवातीचा तुकडा काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का, आणि दोन्ही अर्थ जोडून शब्दाचा अर्थ लागतो का? ‘अंकल’ इथेच बाद होतो. ही कसोटीही प्रत्येक वेळी पुरत नाही. ‘रिझाइन’ म्हणजे पुन्हा सही करणे नव्हे. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ मोहोर फोडणे, रद्द करणे असा होता, त्यातून हक्क किंवा पद सोडणे आले. पुन्हा सही करायची असेल तर ‘री’ आणि ‘साइन’ यांच्यामध्ये जोडरेघ देतात आणि उच्चारही ‘रीसाइन’ होतो. कोणता प्रत्यय कुठे लागेल हेही मनाने ठरवता येत नाही. ‘रेझिग्नेशन’ आहे म्हणून ‘साइन’पासून ‘सिग्नेशन’ होत नाही. मुलांनी बनवलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहूनच वहीत जावा.

आठवड्याला एक कुटुंब आणि त्यात सहा-सात शब्द, एवढे पुरे. शिक्षकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी वह्या तपासताना चुकलेल्या शब्दाशेजारी शुद्ध शब्द लिहू नका; अधिकचे चिन्ह काढून द्या आणि बेरीज मुलाला करू द्या.