वातीची ज्योत आणि बाटलीवरचा ‘शुद्ध’

रायपूरची पंडरी कापडबाजारासाठी ओळखली जाते. इथल्या छत्तीसगढ हाटात हातमाग आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात, तर राज्याच्या लघु वनोपज संघाचा मध ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने विकला जातो. असा मध घेताना गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, ‘शुद्ध आहे ना?’ याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं, तर विक्रेत्याला आधी घरगुती चाचण्यांविषयी खरं बोलावं लागतं.

सर्वांत प्रसिद्ध चाचणी पाण्याची. पेलाभर पाण्यात मधाचा थेंब सोडायचा. तो तळाला गेला तर अस्सल, विरघळला तर भेसळ. साखरेचं पातळ पाणी घातलं असेल, तर ही चाचणी ते पकडते. एफएसएसएआयच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही ती आहे. पण थेंब बुडतो तो घनतेमुळे, आणि घट्ट पाकही पाण्यापेक्षा जडच असतो. पाक घट्ट असेल तर तोही तसाच तळाला जातो.

वातीचंही तेच. मधात बुडवलेली कापसाची वात पेटली, तर त्यात पाणी कमी आहे एवढंच कळतं. चरचर आवाज करत विझली, तर पाणी जास्त. साखर कुठून आली, हे ज्योत सांगू शकत नाही.

उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. आग्या मोहोळाचा किंवा सातेरी माशीचा मध दमट हवेत काढला, तर तो निसर्गतःच पातळ असू शकतो. पोळं पूर्ण सीलबंद होण्याआधी काढलं तर आणखी पातळ. असा मध वातीच्या चाचणीत नापास होईल, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याचा खरा दोष वेगळा आहे. एफएसएसएआयच्या मानकांनुसार मधात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारण जास्त ओलाव्यात यीस्ट वाढतं आणि मध आंबतो. बाटली उघडताच फेस आणि आंबूस वास आला, तर ते त्याचं लक्षण.

ओलावा मोजायला विक्रेत्याकडे हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर असावं. काचेवर मधाचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्या भागांची सीमा जिथे येते, तो आकडा वाचायचा. गिऱ्हाइकासमोर हे करणं वातीच्या प्रयोगापेक्षा कितीतरी सच्चं आहे. अर्थात यानेही ओलावाच कळतो, पाक नाही.

तळाशी साखरेसारखे कण बसले की अनेक जण बाटली परत आणतात. मधातलं ग्लुकोज थंडीत स्फटिक होऊन बसतं. मोहरीचा मध तर फार लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की कण विरघळतात. उकळायची मात्र नाही, कारण जास्त उष्णतेने मधातली विकरं नष्ट होतात आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो. प्रयोगशाळा त्याचंही प्रमाण तपासते.

मग पाक पकडायचा कुठे? 2020च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. एनएमआर या प्रयोगशाळेतल्या चाचणीसह सर्व चाचण्यांत त्यातले तीनच उत्तीर्ण झाले. अनेक कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. शुद्ध मधात मुद्दाम 25 आणि 50 टक्के पाक मिसळलेले नमुनेही या संस्थेने भारतीय मानकांनुसार तपासून घेतले, आणि ते उत्तीर्ण झाले. प्रयोगशाळेलाही चकवणारा पाक पेल्यातल्या पाण्याने पकडला जाईल, असं कोणत्याच विक्रेत्याने सांगू नये.

मानकंही मधाचा स्वभाव ओळखतात. सुक्रोजची मर्यादा साधारणपणे 5 टक्के आहे, पण सह्याद्रीतल्या कारवीच्या मधाला 10 टक्क्यांपर्यंत सूट आहे. कारवीच्या मधाच्या अहवालात 8 टक्के दिसले, म्हणून तो भेसळीचा होत नाही. फूल कोणतं हे माहीत नसेल, तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

विक्रेत्याने लिहावं काय? 2018च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार ‘शुद्ध’ हा शब्द काहीही न मिसळलेल्या एकघटक पदार्थालाच लावता येतो. आपला माल खपवण्यासाठी दुसऱ्याचा माल कमी लेखणंही त्याच नियमांत मना आहे. म्हणून ‘बाजारातला बाकी मध पाकाचा, आमचाच खरा’ हे वाक्य नियमातही बसत नाही आणि सिद्धही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘बस्तरच्या जंगलातला मध. फक्त गाळलेला, काहीही न मिसळलेला. या बॅचचा ओलावा 19 टक्के. तपासणी अहवाल मागितल्यास दाखवू. थंडीत गोठेल. घरच्या पाण्याच्या आणि वातीच्या चाचणीने पातळपणा कळतो, पाकाची भेसळ नाही.’

यातला ओलाव्याचा आकडा गिऱ्हाइकाला पडताळता येतो आणि शेजारच्या दुकानाचं नाव कुठेही येत नाही. पुढच्या वेळी मध घेताना पेलाभर पाणी मागू नका. एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक पाहा, बॅच क्रमांक वाचा आणि त्याच बॅचचा अहवाल मागा.