लावणीनंतर पायात उतरलेली कळ
लेखमाला : अंगमेहनतीची दुखणी – भाग ६

मागच्या आठवड्यात आपण नुसत्या कंबरदुखीबद्दल बोललो. कंबरेत उसण भरते, चार-आठ दिवस माणूस वाकडा चालतो आणि मग आपोआप मोकळा होतो. आज तिच्या चिवट भावंडाबद्दल, म्हणजे सायटिकाबद्दल. यात कळ कंबरेत थांबत नाही. कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत आणि कधी थेट करंगळीपर्यंत उतरते.

कर्जत-खालापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये असे पेशंट वाढलेले दिसतात, आणि कारण समोरच असतं. खाचरात गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चिखलात खोचत मागे सरकायचं. असं दिवसचे दिवस. एका बाईचं उदाहरण घेतो. ती कोणी एक नाही, बऱ्याच जणींच्या हकिकती एकत्र करून मी तिला उभी केली आहे. कशेळ्याच्या बाजूची, वय चाळीसच्या आसपास. लावणीच्या तिसऱ्या दिवशी भिजलेल्या रोपांचा भारा उचलून बांधावरून वळताना कंबरेत चमक भरली. दोन दिवसांनी कंबर बरीच सुटली, पण उजव्या पायात कळ सुरू झाली. घरचे म्हणाले, कंबर बरी झाली, आता पायाची शीर आखडली आहे, चोळून घे. एका आजींनी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायला सांगितलं.

पायात मुळात काही झालेलंच नव्हतं. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिच्या बाहेर चिवट कडं आणि आत मऊ गर असतो. वाकून आणि त्याच वेळी वळून वजन उचललं की मागच्या बाजूच्या कड्यावर सर्वांत जास्त ताण येतो. कडं आधीच जीर्ण झालेलं असेल तर ते फाटतं आणि गर मागे सरकतो. नेमक्या तिथूनच पायाकडे जाणारी नस निघते. कंबरेच्या अगदी खालच्या गादीजवळची नस पोटरी, टाच आणि करंगळीची बाजू सांभाळते. तिला वर कुठेही त्रास झाला तरी मेंदूला वाटतं की पोटरीच दुखते आहे. म्हणून पोटरी कितीही चोळली तरी कळ जात नाही. शिवाय नस नुसती दाबली जात नाही. गरातल्या रसायनांनी ती सुजते आणि चिडते. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर लावणं एवढंही मग पायात विजेसारखं जातं.

बाईला उताणं निजवून कोणी तिचा सरळ पाय हळूहळू वर उचलला तर जमिनीपासून साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याच्या खाली उतरते, कारण तेव्हा नस ताणली जाते. फक्त मांडीच्या मागे ओढ लागली तर ते बहुधा स्नायूचं आखडणं. या साध्या तपासणीतून पुष्कळ कळतं, पण त्याहून महत्त्वाचं असतं पाऊल. उजव्या पायावर एकटं उभं राहून, भिंतीला नुसता हात लावून, टाच दहा वेळा वर उचलता येते का? आपल्या बाईला सहा वेळा जमलं, मग टाच अर्ध्यावरच थांबायला लागली. दुसरा पाय सहज दहा वेळा झाला. म्हणजे नसेची ताकद थोडी कमी झाली होती, गेली नव्हती. एक मणका वरची गादी सरकली असती तर वेगळं दिसलं असतं. कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्याकडे गेली असती, टाचांवर चालणं जड गेलं असतं, अंगठा वर उचलताना कमी पडला असता. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पाऊल बांधाला अडखळतं, अशा तक्रारीही त्यातल्याच.

हे मोजून वहीत तारीख टाकून लिहून ठेवावं. पुढच्या निर्णयांसाठी कळ किती तीव्र आहे यापेक्षा ताकद वाढते आहे की घटते आहे हे जास्त उपयोगी पडतं. कळ असह्य असूनही ताकद शाबूत असेल तर थांबता येतं. कळ अचानक कमी झाली आणि पाऊल मात्र लुळं पडत चाललं, तर ती सुधारणा नव्हे.

आता आराम कशाने पडतो ते. पहिले एक-दोन दिवस आडवं पडावं लागलं तर पडावं, पण जास्त नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या पेशंटांना दोन आठवडे सक्तीने झोपवून पाहिलं, दुसऱ्या गटाला झेपेल तसं हिंडू दिलं. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. झोपून राहिलेल्यांचा काहीही फायदा झाला नव्हता. उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर किंवा तांदळाच्या कट्ट्यावर टेकवल्या, गुडघे काटकोनात राहिले, की बहुतेकांना निवांत वाटतं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. उठताना आधी कुशीला वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताने अंग वर ढकलावं.

मग दिवसातून चार-पाच वेळा पालथं पडून, कोपरांवर छाती उचलून दोन-तीन मिनिटं राहून पाहायचं. इथे एक नियम आहे आणि तो उलटा वाटतो. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात सरकत वर गेली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी तो व्यायाम तुमच्यासाठी योग्य आहे. कळ खाली उतरू लागली तर तो तिथेच बंद. आपल्या बाईला पालथं पडणं मानवलं. साठीच्या पुढच्या, नसेची वाटच अरुंद झालेल्या माणसांना मात्र पालथं पडून त्रास वाढतो आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. शेजारणीला दिलेला व्यायामाचा कागद आपण वापरू नये तो यासाठी.

चालणं हे दुसरं औषध. पाच-दहा मिनिटं, पण दिवसातून अनेकदा, आणि निसरड्या बांधावर नाही, सपाट रस्त्यावर. बसणं बहुतेकांना बाधतं. कर्जतहून मुंबईला दोन तासांहून जास्त लोकलने जाणाऱ्यांनी मध्ये दोन-तीनदा उठून उभं राहावं. उठल्यावर जागा परत मिळणार नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. खेड्यातल्या बाईची अडचण वेगळी. चुलीपुढे पाठ गोल करून बसणं, बुटक्या केरसुणीने झाडणं, उकिडवं बसून शौच. सहा आठवडे ही तीन कामं बदलली, म्हणजे ओट्यावर किंवा टेबलावर शेगडी ठेवली, लांब दांड्याचा झाडू घेतला आणि शौचाला खुर्ची वापरली, तर गोळ्यांइतकाच फरक पडलेला मी पाहिला आहे. सकाळचा पहिला तास विशेष जपावा. रात्रभर आडवं राहून गादी पाणी शोषते आणि फुगते; तेव्हा वाकलं तर तिच्यावरचा ताण दुपारपेक्षा जास्त असतो.

शेक जरूर घ्या, निर्गुंडीचा पाला गरम करून बांधलात तरी हरकत नाही. ऊब मिळते, स्नायू सैल पडतात. गादी त्याने जागेवर जात नाही, तशी पाठीवर पाय देऊनही जात नाही. घोट्याला डाग देण्याची पद्धत अजून आहे, तिच्याविषयी मात्र स्पष्टच सांगतो. नस आधीच बधिर, त्यावर भाजलेली जखम, आणि पावसाळ्याचा चिखल. नका देऊ.

आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, पोटात अन्न असताना, थोडे दिवस घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर ती चालत नाही. आणि अंगात ताप असेल तर आधी तापाचं पाहा. पावसाळ्यात डेंगू आणि लेप्टोमध्येही पाठ-पाय मोडून येतात, आणि तेव्हा ही गोळी अपाय करू शकते. ‘नसेची गोळी’ म्हणून प्रीगाबालिन सर्रास दिली जाते. ऑस्ट्रेलियातल्या एका काटेकोर चाचणीत, जी २०१७ साली छापून आली, सायटिकासाठी ती निव्वळ बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र जास्त आली.

एमआरआयचं काय? पनवेलला जाऊन काढलेला रिपोर्ट पिशवीतून आणला जातो आणि त्यावर ‘गॅप आलाय’ असं निदान घरीच झालेलं असतं. पण ज्यांना कधीही पाठ दुखली नाही अशा चाळिशी-पन्नाशीच्या निम्म्याहून जास्त माणसांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या किंवा फुगलेल्या गाद्या दिसतात. म्हणून ताकद ठीक असेल तर पहिले सहा आठवडे तो पैसा वाचवावा. दुसरी गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही: गराचा तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितका तो विरून जाण्याचा संभव जास्त. कड्याच्या बाहेर पडलेल्या गरापर्यंत रक्तातल्या पेशी पोचतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. नुसत्या फुगवट्यापर्यंत त्या पोचत नाहीत. रिपोर्टमधला सर्वांत घाबरवणारा शब्द म्हणूनच कधीकधी सर्वांत बरा असतो.

आपल्या बाईची कळ तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वर आली. सहाव्या आठवड्यात टाच नऊ वेळा उचलली गेली. करंगळीजवळची बधिरता राहिली. ती सर्वांत शेवटी जाते, काही महिने लागतात, आणि थोडी कायमचीही राहू शकते. समजा तिची कळ सहा आठवड्यांनंतरही हटली नसती, तर? नेदरलँड्समधल्याच आणखी एका अभ्यासात अशा २८३ जणांचे दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याची वाट पाहणं. २००७ च्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेच्या गटाला साधारण चार आठवड्यांत बरं वाटलं, दुसऱ्याला बारा. वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. मात्र वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती, तेही विसरू नये. म्हणजे शस्त्रक्रिया लवकर सुटका देते. ती सुटका किती मोलाची, हे ज्याच्या पायात कळ आहे त्याने ठरवायचं.

काही लक्षणांत मात्र ठरवायला वेळच नसतो. लघवी अडली किंवा कळायची थांबली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी आली, जांघेच्या आतली आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली, तर सगळा नसांचा जुडगाच दाबला गेला आहे. उद्याची लोकल धरायची नाही, त्याच रात्री १०८ ला फोन करून मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात पोचायचं. पाऊल झपाट्याने लुळं पडत असेल तरीही तसंच. रात्री झोपूनही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तो काही आठवड्यांत तपासायचा विषय आहे, पण टाळायचा नाही.

पुढच्या वर्षीच्या लावणीचं काय, हा प्रश्न ती बाई सहाव्या आठवड्यातच विचारते. अर्ध्या-पाऊण तासाने ताठ उभं राहून हात कंबरेवर ठेवून चार-पाचदा मागे झुकावं, भारे लहान बांधावेत, वळायचं तर कंबरेतून नाही तर पावलांनी वळावं. कर्जत तालुक्यातच नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळून गादीवाफ्यांवर भात टोकण्याची पद्धत रुजवली. वाकणं त्यातही आहे, पण रोपं उपटणं, भिजलेले भारे वाहणं आणि चिखलातून पाय ओढत मागे सरकणं नाही. तण मात्र वेळेवर काढावं लागतं, आणि ते काम पुन्हा बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येतं.

(पुढील भागात : डोक्यावरचे हंडे आणि मानेची नस)