पुरात भिजलेल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी लोकवर्गणी : मोहिमेला नाव कसं ठेवायचं?



सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या नद्यांनी काठ सोडला. बीड जिल्ह्यात सिंदफणा आणि गोदावरीच्या काठच्या गावांत पाणी शिरलं. अशा पुरात शेती आणि जनावरांचं नुकसान आधी मोजलं जातं आणि ते बरोबरच आहे. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मोजायला मात्र बराच वेळ कुणी येत नाही. मग शाळा ठरवते की आपणच ऑनलाइन लोकवर्गणी काढू. संकेतस्थळावर पान उघडलं की पहिलाच रकाना समोर येतो : मोहिमेचं नाव.

बहुतेक वेळा तिथे 'ज्ञानगंगा', 'अक्षरदीप', 'एक हात मदतीचा' असं काहीतरी घाईत लिहिलं जातं. पण हे नाव म्हणजे नुसती पाटी नाही. वर्गणी देणारा माणूस पैसे कशासाठी देतोय, याचं ते पहिलं लेखी आश्वासन असतं. म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ : नावात काय यावं, काय येऊ नये आणि का.

नाव प्रवास कसं करतं?

तुम्ही पान तयार करता आणि दुवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकता. तिथून तो पुण्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे जातो, त्याच्याकडून त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे. या तिसऱ्या माणसाला ना तुमचं गाव माहीत, ना तुम्ही. त्याला मोबाईलवर दिसतं एक छोटं चित्र आणि नावाचे सुरुवातीचे काही शब्द. लांब नाव मध्येच तुटतं. 'अक्षरदीप : एक पाऊल उज्ज्वल भविष्याकडे…' एवढंच दिसलं, तर ही मोहीम कुठली आणि कशाची हे त्याला कळत नाही. तो पुढे सरकतो.

प्रसिद्ध संस्थेला ही अडचण येत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. जुलै २०२१ च्या पुरात ते पाण्याखाली गेलं, तेव्हा संस्थेचं नाव घेतलं तरी वाचकाला सगळं कळत होतं. जिल्हा परिषदेच्या खेड्यातल्या शाळेला अशी ओळख नसते, म्हणून तिच्या मोहिमेच्या नावालाच ओळख करून द्यावी लागते.

आपला जुना धडा : पैसा फंड

लोकवर्गणीला चांगलं नाव कसं असतं, हे महाराष्ट्राने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलंय. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी 'पैसा फंड' काढला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला.

आता नाव बघा. 'पैसा फंड'. त्यात राष्ट्र, उद्धार, ज्योत असला एकही शब्द नाही. किती द्यायचं ते मात्र नावातच आहे. गरिबातल्या गरिबालाही कळतं की आपल्याकडचं चालेल. 'किती देऊ?' हा प्रश्न मनात आला की माणूस थांबतो. तो प्रश्न या नावाने आधीच सोडवला. आपल्यालाही हेच करायचंय.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा, शिरूर कासार तालुक्यात सिंदफणेच्या काठी एक जिल्हा परिषद प्राथमिक शाळा आहे. गावाला सोयीसाठी 'वडगाव' म्हणू. पुरात खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजली. ओल राहिल्यामुळे त्यांना बुरशी लागली आणि पानं एकमेकांना चिकटली. लोखंडी कपाटं खालून गंजली. शाळा व्यवस्थापन समितीने हिशोब मांडला :

- ४०० पुस्तकं, सरासरी १०० रुपये : ४०,००० रुपये
- २ कपाटं, प्रत्येकी १२,००० रुपये : २४,००० रुपये
- एकूण : ६४,००० रुपये

हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घ्या. आता नावं सुचू लागतात. एकेक तपासू.

'वडगाव शाळा ग्रंथालय पुनर्बांधणी'. वाचायला भारदस्त, पण 'बांधणी' म्हटलं की लोकांना भिंती आणि स्लॅब दिसतो. जिल्हा परिषद शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असते, समिती परस्पर खोली बांधू शकत नाही. आपण घेणार पुस्तकं आणि कपाटं. वर्षभराने एखादा देणगीदार गावात आला आणि त्याने 'बांधलं कुठंय?' असं विचारलं, तर पावत्या चोख असूनही आपण खोटे ठरतो. शब्द बाद.

'पूरग्रस्त चिमुकल्यांना मदत'. यात पुस्तकाचा पत्ताच नाही. लोक कपडे देतील, धान्य देतील, आणि ते आलं तर नाही कसं म्हणणार? शिवाय ऑनलाइन पान वर्षानुवर्षं राहतं. आज तिसरीत असलेली मुलगी दहावीला गेली तरी शाळेचं नाव शोधल्यावर 'पूरग्रस्त चिमुकली' म्हणूनच ती सापडेल. पूर शाळेवर आला, एवढं खाली माहितीत लिहा. मुलांना नावात ओढू नका.

'वडगाव शाळेला पुस्तकं द्या'. साधं आणि सरळ आहे, पण इथे वेगळा घोळ होतो. 'पुस्तकं द्या' वाचून लोक घरातली रद्दी बांधून पाठवतात : जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षांचे जुने अंक, कॉलेजची पुस्तकं. प्राथमिकच्या मुलांना त्याचा उपयोग नाही, आणि परत पाठवायला खर्च येतो. पैसे हवेत, तर नावात पैशाचा शब्द हवा. आपल्याकडे त्याला 'वर्गणी' हा चांगला, सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

'चारशे पुस्तकांची वर्गणी'. हे बरंच जवळ आलं. पण तीनशे पुस्तकांचेच पैसे जमले तर? नावातला आकडा कायमचा चिकटतो आणि मोहीम फसल्यासारखी दिसते. एकूण आकडा खालच्या माहितीत ठेवा, तिथे तो बदलता येतो.

'शंभराचं एक पुस्तक'. इथे पैसा फंडाची युक्ती आली. किती द्यायचं ते कळलं, कशासाठी तेही कळलं. पाचशे देणारा मनात म्हणतो, माझी पाच पुस्तकं झाली.

पण थांबा, हिशोब पुन्हा बघा. जमलेल्या शंभरातून कपाटंही घ्यायची असतील, तर ६४,००० भागिले ४००, म्हणजे एका पुस्तकामागे १६० रुपये लागतात. नाव शंभर म्हणतं आणि खर्च एकशे साठ. म्हणजे शंभर रुपये देणाऱ्याच्या वर्गणीतून पुस्तकासाठी साडेबासष्टच रुपये उरतात. इथेच पुढच्या भांडणाची बी पडते. मार्ग दोन. कपाटांसाठी ग्रामपंचायतीकडे वेगळी मागणी करा आणि शंभरातले शंभर पुस्तकालाच लावा. नाहीतर हे नाव सोडा. संकेतस्थळ स्वतःचं शुल्क कापत असेल, तर तेही आधी हिशोबात धरा. आपली समिती पहिला मार्ग घेते आणि ठराव लिहिते.

गावाचं नाव कसं लिहायचं?

वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. म्हणून तालुका जोडायलाच हवा. आपलं नाव आता असं होतं :

शंभराचं एक पुस्तक : वडगाव शाळा, शिरूर कासार

त्याखाली पूर्ण ओळ : 'जि. प. प्राथमिक शाळा, वडगाव, ता. शिरूर कासार, जि. बीड. सप्टेंबर २०२५ च्या पुरात भिजलेल्या ग्रंथालयासाठी लोकवर्गणी.' सोबत शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक द्या. म्हणजे शाळा खरी आहे की नाही, हे कुणालाही पडताळता येतं.

दुव्यातलं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी दुवा कॉपी केला की एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होऊ शकतात. एकटा 'शाळा' शब्द असा दिसतो :

```
%E0%A4%B6%E0%A4%BE%E0%A4%B3%E0%A4%BE
```

असा दुवा बघून माणसाला फसवणूक वाटते. त्याऐवजी `vadgaon-shala-pustak` पुरे. `Vadgaon` की `Wadgaon` हे शाळेच्या सरकारी नोंदीत बघा आणि तेच सगळीकडे वापरा.

नाव आणि खातं जुळतंय का?

ही शेवटची पायरी लोक विसरतात. देणारा क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा त्याला तुमच्या मोहिमेचं नाव दिसत नाही. बँक खात्याचं नाव दिसतं. मोहीम 'शंभराचं एक पुस्तक' आणि पडद्यावर एखाद्या सरांचं वैयक्तिक नाव आलं, की तो पैसे न भरता मागे फिरतो. त्याचं चुकतही नाही. खातं शाळा व्यवस्थापन समितीचं असावं, आणि पानावर स्पष्ट लिहावं : 'पैसे भरताना अमुक नाव दिसेल, तेच आमचं खातं.'

सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं याच कलमाखाली परवानगी घेतात. आपल्या मोहिमेसाठी काय करावं लागेल, हे पान उघडण्याआधी सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारा. अर्जावर, समितीच्या ठरावात आणि पानावर नाव व उद्देश एकसारखाच ठेवा.

पान उघडण्याआधीची परीक्षा

गावाबाहेरच्या तीन माणसांना फोन करा. नाव एकदाच वाचून दाखवा आणि विचारा : शाळा कुठली? पैसे कशाला? किती द्यायचे? तिघांनाही तिन्ही उत्तरं आली, तर नाव ठेवा. एकजण जरी 'म्हणजे खोली बांधताय का?' म्हणाला, तर तो शब्द बदला. मोहीम सुरू होऊन दुवा पसरला, की नाव बदलणं अवघड जातं. जुन्या नावाचे संदेश फिरत राहतात आणि लोकांना दोन वेगळ्या मोहिमा वाटतात.

वर्गात हा उपक्रम पाचवी ते आठवीच्या मुलांकडून करून घेता येईल. वर तपासलेली नावं फळ्यावर लिहा, हिशोबाचे आकडे बाजूला मांडा आणि विचारा : यातलं कोणतं नाव आपण पाळू शकतो?