पानामागचं काम

जूनचा दुसरा आठवडा होता. दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीचा हंगाम सुरू व्हायला जेमतेम महिना उरला होता. चौदा वर्षं ज्यांची पुस्तकं आणि दिवाळी अंक मी लावत होते, त्या प्रकाशनातून फोन आला. वडिलांच्या जागी आता मुलगा कारभार पाहत होता. तो म्हणाला, “ताई, एक मुलगा पानाला अठ्ठावीस रुपये घेतोय. तुमचे पंचेचाळीस होतात. तुम्ही तेवढ्यात कराल तर आम्हाला कुठे जायचं नाही.”

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि फोन ठेवला.

मी पुण्यात घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. लेखकाचा मजकूर माझ्याकडे येतो, मी तो पुस्तकाच्या आकारात बसवते, मुद्रितशोधकाने दाखवलेल्या चुका दुरुस्त करते आणि छपाईला जाणारी फाइल तयार करते. सुरुवात पेजमेकरवर झाली, आता इनडिझाइनवर काम चालतं. त्या वर्षी माझं उत्पन्न सुमारे 5 लाख 40 हजार रुपये होतं आणि त्यातले 3 लाख 60 हजार या एका घरातून येत होते. चौदा वर्षांत हा आकडा मी कधी वेगळा काढून पाहिला नव्हता. ओळखीचं, नेमाने येणारं काम होतं, म्हणून नवीन माणसं शोधायची गरज वाटली नाही. तीन भागांतले दोन भाग एकाच दारातून येतात, याचा अर्थ ते दार बंद व्हायची वेळ आल्यावर कळला.

माझी पहिली इच्छा अठ्ठावीसला हो म्हणायची होती. पण मी कोणतं पुस्तक किती वेळ केलं याच्या नोंदी एका वहीत असतात. त्या सवयीने मला वाचवलं. नुकतंच संपवलेलं 240 पानांचं डेमी आकाराचं पुस्तक मी हिशेबाला घेतलं. सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे पंधरा फॉर्मे. पंचेचाळीसच्या दराने बिल झालं होतं 10,800 रुपये.

वहीत तास असे होते. मजकुराची साफसफाई, म्हणजे दुहेरी जागा, उलटसुलट अवतरणचिन्हं, चुकीचे परिच्छेद नीट करणं: नऊ तास. पानं लावणं: चौदा. पहिल्या प्रुफाच्या दुरुस्त्या: दहा. दुसऱ्या प्रुफाच्या: पाच. छपाईची फाइल आणि मुखपृष्ठाशी मेळ: चार. आणि दुसऱ्या प्रुफानंतर लेखकाने दोन प्रकरणं नव्याने लिहून दिली, त्यामुळे पानं पुन्हा सरकली, अनुक्रमणिका बदलली, त्याचे बारा. एकूण चोपन्न तास. तासाला बरोबर दोनशे रुपये. अठ्ठावीसच्या दराने त्याच पुस्तकाचे 6,720 मिळाले असते, म्हणजे तासाला सव्वाशेसुद्धा नाहीत. आणि लेखकाचं पुनर्लेखन नसतं तर तेच पुस्तक बेचाळीस तासांत झालं असतं. त्या पुनर्लेखनाचा एक रुपयाही बिलात नव्हता.

ती बेरीज पाहिल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. चौदा वर्षं मी बिलात एकच ओळ लिहीत होते: पानं गुणिले दर. साफसफाई, जादा प्रुफं, शेवटच्या रात्रीचे बदल हे सगळं मी पानाच्या पोटात घालून देत होते. मग प्रकाशकाला पान सोडून दुसरं काय दिसणार? तो दुसरा मुलगा फसवत नव्हता. तो मजकूर जसा येईल तसा पानात ओतून देत होता आणि त्याचे अठ्ठावीस घेत होता. आमची कामं वेगळी होती, पण कागदावर दोन्ही कामांना एकच नाव होतं. अशा वेळी माणूस स्वस्त दर निवडतो आणि त्याला दोष देता येत नाही.

मी फोन करून सांगितलं, “या दरात मला हे काम नीट करता येणार नाही.” दिवाळी अंकासह सगळं काम गेलं.

पुढचे सहा महिने कठीण होते. जुन्या बिलांचे 58 हजार रुपये त्यांच्याकडे अडकले होते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी 2006चा कायदा आहे. त्यात काम स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याजाची तरतूद आहे. घरून एकटीने सेवा देणारी बाईही त्यात बसते, फक्त सरकारच्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर नोंदणी हवी. ती नोंदणी फुकट होते. मला हे उशिरा कळलं. मी लगेच नोंदणी केली, पण नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ते 58 हजार मी आठवण करून देत तीन हप्त्यांत मिळवले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख असते आणि निम्मे पैसे कामाआधी येतात.

नवं काम आलं ते अनपेक्षित बाजूने. एका दिवंगत लेखकाच्या मुलीला वडिलांचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं. जुनी फाइल सीडीवर होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसला. चार ठिकाणी तिला “नव्याने टाइप करावं लागेल” असं सांगितलं होतं.

तो चुरा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी फॉन्ट एका युक्तीवर चालत. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असत, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालत असे. तो फॉन्ट गेला की कपडे गेले. शिवाय प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. त्या मांडणीचा तक्ता असला की मजकूर काही मिनिटांत युनिकोडमध्ये येतो. माझ्याकडे जुने फॉन्ट आणि तक्ते जपून ठेवलेले होते. खरं काम त्याच्यापुढे सुरू होतं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं. रूपांतरानंतर ते असं आलं: ‘आचार्यांनी पंगत सांभाळली.’ लेखकाने लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांनी पंगत सांभाळली.’ स्वयंपाक्याचा गुरुजी झाला होता. पुढे सह्याद्रीच्या दऱ्या चक्क दर्या झाल्या होत्या. मराठीत रफार असलेला ‘र्य’ आणि आडव्या रेघेचा ‘ऱ्य’ ही दोन वेगळी जोडाक्षरं आहेत. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि य लिहिला की रफार येतो. आडवा र हवा असेल तर नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो, नाहीतर साधा र आणि हलन्त यांच्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकावं लागतं. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला हे ठाऊक नसेल, किंवा साफसफाईत कुणी न दिसणारी चिन्हं काढून टाकली, की सगळे ऱ्य गुपचूप र्य होतात.

मराठीत हे अक्षर पदोपदी लागतं. रा-रीने संपणाऱ्या शब्दांना प्रत्यय लागला की ते उभं राहतं: दुसऱ्या, वाऱ्याने, शेतकऱ्याला. सगळे र्य एका आज्ञेने बदलून टाकावेत, तर सूर्य, कार्य आणि आश्चर्य बिघडतात. ‘दुसर्या’ असा शब्द नाही, म्हणून तो शोधून बदलता येतो. पण ‘आचार्यांनी’ आणि ‘दर्या’ हे खरे शब्द आहेत, शुद्धलेखन तपासणारी प्रणाली तिथे थांबत नाही. तिथे संपूर्ण वाक्य वाचणारा माणूसच लागतो.

ते 312 पानांचं पुस्तक मी ओळन् ओळ छापील प्रतीशी ताडून दिलं. पानाला तीस रुपयांनी 9,360 रुपये झाले, वेळ छत्तीस तास लागला. तासाला दोनशे साठ. यावेळी मी बिलात एकच ओळ लिहिली नाही. रूपांतर, ताडणी आणि दुरुस्त झालेल्या जागांची यादी, असं वेगवेगळं मांडलं. यादी पाहून त्या बाईंनी आणखी दोन घरांत माझं नाव सांगितलं. अशा सीड्या अनेक कपाटांत पडून आहेत हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर मी दरपत्रक नव्याने लिहिलं. साफसफाई, पानं आणि दोन प्रुफं मिळून पानाला पंचेचाळीस. दुसऱ्या प्रुफानंतरच्या प्रत्येक बदलाला तासाला तीनशे. जुन्या फॉन्टचं रूपांतर आणि ताडणी वेगळी. दर वाढवला नाही, फक्त जे आधी फुकट जात होतं त्याला नाव दिलं. मजेची गोष्ट अशी की तिसऱ्या प्रुफाला किंमत आल्यावर लेखक दुसरं प्रूफच मन लावून वाचू लागले.

पहिल्या वर्षी उत्पन्न 3 लाख 10 हजारांवर घसरलं. घरात नवऱ्याचा पगार नसता तर मला अठ्ठावीसचा दर घ्यावा लागला असता, हे मी मान्य करते. दुसऱ्या वर्षी 4 लाख 35 हजार, तिसऱ्या वर्षी 5 लाख 60 हजार झाले. आता अकरा ठिकाणांहून काम येतं आणि दर तीन महिन्यांनी मी वहीत पाहते, कुणा एकाचा वाटा चौथ्या भागापेक्षा जास्त झाला आहे का. झाला असेल तर त्यांचं काम कमी करत नाही, नवीन दारं वाजवायला बाहेर पडते.

गेल्या वर्षी त्या जुन्या प्रकाशनातून पुन्हा फोन आला. त्यांची पंचवीस जुनी पुस्तकं ई-बुक करायची होती, मूळ फाइली माझ्याच हातच्या होत्या. मी दरपत्रक पाठवलं. रूपांतराचं काम त्यांनी मला दिलं. नवी पुस्तकं आणि दिवाळी अंक आजही तो मुलगाच लावतो. त्यांच्या साध्या, चटकन हव्या असलेल्या कामाला तोच योग्य आहे.

मध्यंतरी त्याचाही फोन आला. “ताई, माझे ऱ्य सगळे र्य का होतात?” तो ज्या आज्ञेने मजकूर साफ करत होता, तीच न दिसणारं चिन्ह पुसत होती. मी ती पायरी कशी बदलायची ते सांगितलं. शेवटी विचारलं, “हे शोधायला तुझा किती वेळ गेला?” तो म्हणाला, “दोन रात्री.”

“बिलात लिहिलास?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, “पानाच्या दरातच धरलंय, ताई.” मी त्याला सांगितलं, आजच एक वही आण.