डोळ्यांचा ताळेबंद, कानांचा ताळेबंद

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरात पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये जमाखर्चाचं वाचन होतं. आमच्या सोसायटीत ते माझ्याकडे असतं. एका वर्षी मी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढला: ‘वीज, मागील वर्ष दोन लाख शहाऐंशी हजार चारशे, चालू वर्ष तीन लाख एक्केचाळीस हजार सातशे पन्नास...’ काचबिंदूने दृष्टी गेलेले एक काका पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, “सगळं ऐकलं. पण खर्च वाढला की घटला, आणि कशामुळे, ते सांगा ना.”

तक्ता वाचताना डोळा मागे-पुढे जातो, मागची ओळ पुन्हा बघतो, दोन रकमा शेजारी ठेवतो. कानाला ती सोय नसते. दुसरी रक्कम येईपर्यंत पहिली धरून ठेवावी लागते आणि तिसऱ्या ओळीला ती निसटते. मराठी आकड्यांची अडचण आणखी वेगळी आहे. आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर, शिवाय ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन आणलं, तेव्हा वाद बराच झाला, पण मुळाशी हीच अडचण होती.

तिच्यावरचा उपायही मराठीतच आहे: सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक 2024-25 मध्ये 11,601 कोटींचं होतं, 2025-26 मध्ये 12,618 कोटींचं. हेच बोलताना ‘साडेअकरा हजार कोटींवरून साडेबारा हजार कोटींवर गेलं, म्हणजे साधारण हजार कोटींनी वाढलं’ असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वजाबाकी करावी लागत नाही. ती वाचणाऱ्यानेच करून द्यायची.

आता आमच्यासारख्याच अठ्ठेचाळीस घरांच्या सोसायटीचा तक्ता घेऊ. वीज 2,86,400 वरून 3,41,750. टँकर 1,12,500 वरून 2,63,700. सुरक्षारक्षक 5,04,000 वरून 5,40,000. दुरुस्ती 2,18,300 वरून 94,600. एकूण 11,21,200 वरून 12,40,050.

पहिलं काम, प्रत्येक ओळीतला फरक कागदावर काढायचा. टँकर दीड लाखाने वाढला, वीज पंचावन्न हजारांनी, रक्षक छत्तीस हजारांनी. दुरुस्ती मात्र सव्वा लाखाने घटली. दुसरं, ओळींचा क्रम मोडून सर्वांत मोठा फरक आधी घ्यायचा. तिसरं, एकूण रक्कम घराच्या मापात आणायची. मग सभेत असं बोलता येतं:

“यंदा खर्च साधारण एक लाख वीस हजारांनी वाढला. म्हणजे घरटी महिन्याला दोनशे रुपये जास्त. सगळ्यात मोठं कारण टँकर. त्याचा खर्च दुपटीच्याही वर गेला आणि त्यानेच दीड लाखाची भर घातली. वीज आणि रक्षक मिळून आणखी नव्वद हजार. दुरुस्तीवर मात्र गेल्या वर्षीपेक्षा सव्वा लाख कमी खर्च झाले, म्हणून एकूण वाढ निम्मीच दिसते.”

शेवटचं वाक्य ओळी वाचून हाती लागत नाही. ते ऐकल्यावरच कुणीतरी विचारतं, “गच्चीचं काम पुढे ढकललंय का?”

इथे दोन चुका होतात. पहिली, गोळाबेरजेची. दीड लाख आणि नव्वद हजार मिळवून सव्वा लाख वजा केले, तर एक लाख पंधरा हजार येतात. आपण एक लाख वीस म्हटलं. एवढा फरक ‘साधारण’ या शब्दात बसतो. त्याहून जास्त असेल, तर कान तो पकडतो आणि सगळ्या हिशेबावरचा विश्वास जातो. म्हणून गोळा केलेल्या रकमा बोलण्याआधी एकदा मिळवून बघायच्या. दुसरी चूक क्रमाची. आमच्या तक्त्यात मागील वर्ष डावीकडे असतं आणि चालू वर्ष उजवीकडे. बोलताना एकदा ‘गेल्या वर्षी’ आधी आणि एकदा ‘यंदा’ आधी आलं, की वाढ घट वाटू लागते. आधी ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणायचं, मग रक्कम.

गोळा करायच्या नाहीत अशाही रकमा असतात. बँकेतली शिल्लक, ठरावातली मंजुरी, एखाद्याची थकबाकी पूर्ण वाचायची, सावकाश, दोनदा.

आता सभेच्या आदल्या दिवशी मी काकांना वाचून दाखवतो आणि काय कळलं ते सांगायला सांगतो. जिथे ते अडखळतात, ते वाक्य मी बदलतो.